विश्लेषण : ‘तातडीने’ म्हणजे आत्ता, आज की उद्या?

लक्षणे विचारून सल्ला देणारी आरोग्य ॲप आता मराठीतही येऊ लागली आहेत. मात्र, ‘किती घाई करायची’ हे सांगणारी त्यांची वाक्ये भाषांतरात एकसारखी होऊन जातात. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात, जिथे दवाखान्यात जायचे म्हणजे अर्धा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते, तिथे हा फरक पुसला जाणे परवडणारे नाही.

अशी ॲप नेमके काय सांगतात?

ताप आहे का, किती दिवस, श्वास लागतो का, असे प्रश्न ॲप एकामागून एक विचारते. शेवटच्या पडद्यावर दोन गोष्टी येतात. एक, संभाव्य आजारांची यादी. दुसरी, आता काय करावे याचा सल्ला. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या ‘आरोग्य सेतू’मुळे स्वतःची तपासणी स्वतः करण्याचा हा प्रकार अनेकांच्या फोनवर पोहोचला. खासगी ॲपमध्ये तो त्याहून विस्तृत असतो.

या दोनपैकी आजारांची यादी लोक आधी वाचतात. परंतु, कामाची असते ती दुसरी गोष्ट. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशी २३ साधने तपासली होती. अचूक आजार यादीत पहिल्या क्रमांकावर येण्याचे प्रमाण ३४ टक्के होते. ‘कुठे आणि किती लवकर जावे’ हा सल्ला ५७ टक्के वेळा योग्य होता आणि खरोखर गंभीर प्रकरणांत तो ८० टक्के वेळा योग्य ठरला. म्हणजे आजाराच्या नावापेक्षा घाईची पातळी अधिक भरवशाची. ही परीक्षाही इंग्रजीतली. मराठीत येताना पातळीच हरवली, तर ॲपमध्ये जे थोडेफार विश्वासार्ह होते, तेच गेले.

मराठीत पातळ्या एकमेकींत का मिसळतात?

बहुतेक ॲपमध्ये सोयीसाठी चार पायऱ्या धरता येतात. आत्ता रुग्णवाहिका बोलवा, आजच डॉक्टरांना दाखवा, दोन-चार दिवसांत दाखवा आणि घरीच काळजी घ्या. भाषांतरानंतर त्यांचे साधारण असे होते :

- तात्काळ वैद्यकीय मदत घ्या.
- तातडीने वैद्यकीय सल्ला घ्या.
- लवकरात लवकर डॉक्टरांचा सल्ला घ्या.
- आवश्यकता भासल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्या.

यातले एकही वाक्य चूक नाही. व्याकरण बरोबर, अर्थ बरोबर. पण पहिले वाक्य दुसऱ्यापेक्षा किती घाईचे, हे कुणीही सांगू शकणार नाही. तात्काळ, तातडीने, ताबडतोब, त्वरित, लगेच, विनाविलंब हे मराठीत एकमेकांच्या जागी चालणारे शब्द आहेत. त्यांची उतरंड भाषेने कधी ठरवलेली नाही. ‘लवकरात लवकर’ची गंमत तर वेगळीच. शब्दांकडे पाहिले तर याहून लवकर काही असूच शकत नाही. पण ‘लवकरात लवकर कार्यवाही करावी’ अशी पत्रे ज्याने सरकारी कचेरीत पाहिली आहेत, त्याला त्याचा व्यवहारातला अर्थ ठाऊक आहे. ‘सवड मिळाली की’ असाच तो अर्थ.

यात भाषांतरकाराचा दोष कमी आणि कामाच्या पद्धतीचा अधिक. त्याच्या हाती एक तक्ता येतो. त्यातल्या ओळी घाईच्या क्रमाने नसतात. ‘सल्ला घ्या’चे एक वाक्य चाळिसाव्या ओळीत, तर दुसरे तीनशेव्या ओळीत असते. मधे ‘पासवर्ड विसरलात?’ येऊन जाते. शिवाय भाषांतराचे सॉफ्टवेअर जुने वाक्य लक्षात ठेवते आणि त्याच्यासारखे दुसरे दिसले की तेच पुढे करते. बटनांच्या मजकुरासाठी ही सोय उत्तम आहे. इथे मात्र ती घातक ठरते, कारण जी वाक्ये वेगळी राहायला हवीत त्यांनाच ती एका साच्यात ओढते.

दुसरी अडचण ‘इमर्जन्सी’ या शब्दाची. ‘आणीबाणी’ म्हटले की १९७५ आठवते. ‘आपत्कालीन’ म्हटले की कोकणात पूर, दरड आणि आपत्ती व्यवस्थापन कक्ष डोळ्यांसमोर येतो. ‘अपघात विभाग’ म्हटले, तर छातीत दुखणारा माणूस म्हणेल, मला कुठे अपघात झालाय? लोक बोलताना ‘कॅज्युअल्टी’ म्हणतात, ‘सिरीयस आहे’ म्हणतात, जिल्हा रुग्णालयाला ‘सिव्हिल’ म्हणतात. पडद्यावर हेच शब्द हवेत.

मग घाई सांगायची कशी?

क्रियाविशेषणाचा नाद सोडून तीन गोष्टी ठामपणे सांगायच्या : केव्हा, कुठे आणि काय करायचे. सरकारी आरोग्य व्यवस्थेत याचे एक चांगले उदाहरण आधीपासून आहे. पाच वर्षांखालील बालकांच्या आजारांसाठी आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवल्या जाणाऱ्या ‘आयएमएनसीआय’ पद्धतीत तीन रंग असतात. गुलाबी म्हणजे मोठ्या रुग्णालयात पाठवा. पिवळा म्हणजे आरोग्य केंद्रात उपचार. हिरवा म्हणजे घरी काळजी. प्रत्येक रंग ‘किती गंभीर’ या विशेषणाशी नव्हे, तर कृतीशी आणि जागेशी बांधलेला आहे. त्यामुळे गोंधळ होत नाही.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेच्या संकेतस्थळावरही सल्ल्याच्या तीन ठरावीक चौकटी आहेत. साधा सल्ला निळ्या चौकटीत, तातडीचा लाल चौकटीत आणि जिवावरचा लाल-काळ्या चौकटीत. तिथले लेखक दर वेळी नवा शब्द शोधत नाहीत. कोणती चौकट हे ठरले की तिची सुरुवातही ठरलेली असते.

रंग मदतीला असावा, पण पातळी सांगण्याचे काम केवळ रंगावर सोडू नये. घरातला आजारी माणूस आणि फोन वाचणारा माणूस आपल्याकडे अनेकदा वेगळे असतात. नात मोठ्याने वाचते आणि आजोबा ऐकतात. मुंबईतल्या मुलाला सल्ला व्हॉट्सॲपवर पाठवताना नुसता मजकूर जातो. दोन्ही वेळा रंग मागेच राहतो. म्हणून डोळे मिटून ऐकले तरी पातळी कळली पाहिजे.

प्रत्यक्ष उदाहरण : लावणीनंतरचा ताप

कोकणातला पावसाळी आजार घेऊ. लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे लोकांच्या बोलण्यातला ‘लेप्टो’. उंदीर आणि इतर प्राण्यांच्या मूत्रातून जंतू चिखलपाण्यात येतात आणि पायाच्या जखमेतून, भेगेतून शरीरात शिरतात. लक्षणे बहुधा पाच ते चौदा दिवसांनी दिसतात, कधी महिनाही लागतो. वेळेवर औषध सुरू झाले तर साधी प्रतिजैविके पुरतात. उशीर झाला तर मूत्रपिंड, यकृत आणि फुप्फुसे यांवर बेतू शकते. म्हणजे एकाच आजारात चारही पायऱ्या आहेत आणि दोन पायऱ्यांतला फरक जिवाचा असू शकतो.

समजा, संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतला शेतकरी लावणीनंतर ॲप उघडतो. त्याच्या उत्तरांनुसार चारपैकी एक पडदा येईल. मजकूर असा असू शकतो :

पहिली पायरी. श्वास लागतो, थुंकीतून रक्त पडते, डोळे पिवळे झालेत, लघवी फार कमी झाली किंवा माणूस बरळतो आहे. *‘आत्ताच १०८ ला फोन करा. घरी थांबू नका. गाडी हाताशी असेल तर थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या.’*

दुसरी पायरी. ताप आहे, पोटऱ्या दुखतात किंवा डोळे लाल झालेत आणि गेल्या महिन्यात चिखलात काम केले आहे. *‘आजच डॉक्टरांना दाखवा. उद्यावर टाकू नका. चिखलात काम केल्याचे डॉक्टरांना सांगा.’*

तिसरी पायरी. ताप नाही, पण पायाला जखम आहे आणि रोज चिखलात उतरावे लागते. *‘दोन दिवसांच्या आत आरोग्य केंद्रात जाऊन जखम दाखवा. लेप्टो होऊ नये म्हणून गोळी घ्यायची का, ते विचारा.’*

चौथी पायरी. ताप नाही, जखम नाही, नुसते अंग मोडून आले आहे. *‘आज घरी विश्रांती घ्या. पुढच्या महिनाभरात कधीही ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.’*

कोणते लक्षण कोणत्या पायरीवर, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. वरची विभागणी केवळ भाषा दाखवण्यासाठी आहे. पण चारही वाक्यांत ‘तातडीने’ एकदाही आलेले नाही, तरी पायऱ्या स्पष्ट आहेत. प्रत्येकीची सुरुवात काळाने होते : आत्ताच, आजच, दोन दिवसांच्या आत, आज घरी. वरच्या दोन पायऱ्यांवर ‘थांबू नका’, ‘उद्यावर टाकू नका’ अशी पळवाट बंद करणारी जोड आहे. खालच्या दोन पायऱ्यांवर ती मुद्दामच नाही. चौथ्या पायरीवर ‘गरज भासल्यास’ असे मोघम न म्हणता, गरज कशाला म्हणायचे ते सांगितले आहे.

‘आजच’ रात्री दहा वाजता वाचले तर?

हा प्रश्न भाषांतर करतानाच समोर येतो आणि तो भाषेचा नाही. मूळ इंग्रजीत ‘आज’ असे लिहिणाऱ्याला दुपार अभिप्रेत असते. रात्री दहाला गावात दवाखाना उघडा नसतो. तेव्हा ‘आजच’चा अर्थ ‘रात्रीच निघा’ की ‘उद्या सकाळी पहिल्यांदा’? भाषांतरकाराने याचे उत्तर स्वतः देऊ नये. ॲपच्या वैद्यकीय चमूला विचारावे की ही पायरी किती तासांची. फोनला वेळ ठाऊक असते. त्यामुळे रात्रीसाठी वेगळे वाक्य ठेवणे अवघड नाही.

तासांत सांगायचे असेल तर आणखी एक बारकावा सांभाळावा लागतो. ‘२४ तासांत दाखवा’ आणि ‘२४ तासांनी दाखवा’ यांत एका अक्षराचा फरक आहे. पहिल्याचा अर्थ एक दिवस संपायच्या आत, दुसऱ्याचा अर्थ एक दिवस थांबून. घाईत वाचणाऱ्याला हा फरक सहज चुकतो. म्हणून ‘२४ तासांच्या आत’ असे पूर्ण लिहावे. शक्य असेल तिथे ‘उद्या संध्याकाळपर्यंत’ म्हणावे, कारण तास मोजण्यापेक्षा संध्याकाळ ओळखणे सोपे आहे.

‘दवाखान्यात जा’ यात अडचण काय?

मराठीत ‘दवाखाना’ या शब्दात कोपऱ्यावरच्या डॉक्टरपासून सरकारी रुग्णालयापर्यंत सगळे मावते. इंग्रजीत ‘डॉक्टरांकडे’ आणि ‘हॉस्पिटलला’ असे दोन वेगळे सल्ले असतात. मराठीत दोन्हींसाठी ‘दवाखान्यात जा’ लिहिले, तर जागेची पातळी गेली. ज्याला ऑक्सिजनची गरज आहे, तो आधी जवळच्या डॉक्टरकडे रांगेत बसेल, तिथून चिठ्ठी घेऊन पुढे निघेल आणि त्यात दोन-तीन तास जातील.

मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेल्या या जिल्ह्यात जागेचे नाव म्हणजेच वेळेचा हिशेब. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, कामथे किंवा कळंबणीचे उपजिल्हा रुग्णालय आणि रत्नागिरीचे सिव्हिल या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. सगळी नावे ॲपला माहीत असतीलच असे नाही. पण किमान तीन शब्द पक्के करावेत आणि सगळ्या मजकुरात तेच वापरावेत : ‘जवळचे डॉक्टर’, ‘आरोग्य केंद्र’ आणि ‘मोठे हॉस्पिटल, कॅज्युअल्टी’. एका वाक्यात ‘रुग्णालय’, दुसऱ्यात ‘इस्पितळ’, तिसऱ्यात ‘दवाखाना’ ही शैली ललित लेखात शोभते. इथे वाचकाला वाटते की तीन वेगळ्या जागा सांगितल्या आहेत.

क्रियापद शेवटी येते, त्याचे काय?

इंग्रजी वाक्य ‘फोन करा’ने सुरू होते आणि कारण मागून येते. मराठीत अट आधी येते, क्रियापद शेवटी. *‘आपण दिलेल्या उत्तरांवरून आपल्याला गंभीर स्वरूपाचा संसर्ग असण्याची शक्यता असल्याने आपण १०८ वर फोन करावा’* हे वाक्य फोनच्या वरच्या पट्टीत सूचना म्हणून आले, तर ‘गंभीर स्वरूपाचा…’पर्यंत दिसेल आणि पुढचे कापले जाईल. भीती पोहोचली, कृती पोहोचली नाही.

उपाय साधा आहे. वाक्य तोडायचे. आधी दोन-चार शब्दांची कृती, मग वेगळ्या वाक्यात कारण. *‘आत्ताच १०८ ला फोन करा. तुम्ही सांगितलेली लक्षणे गंभीर संसर्गाची असू शकतात.’* यात मराठीची मोडतोड होत नाही. घरात कुणी ओरडून सांगताना असेच बोलतो.

क्रियापदाचे रूपही पातळी सांगते. ‘जा’ म्हणजे आज्ञा. ‘जावे’ म्हणजे उपदेश किंवा परिपत्रक. ‘जाऊ शकता’ म्हणजे मर्जी. ‘जाण्याचा सल्ला दिला जातो’ म्हणजे सल्ला देणाराच गायब. मराठी भाषांतरात सौजन्य म्हणून वरच्या पायरीवरही ‘कृपया’ आणि ‘करावे’ येते आणि ‘कृपया रांगेत उभे राहावे’च्या पाटीसारखे वाटते. आदर ‘तुम्ही’ आणि ‘करा’ यांत पुरेसा आहे. वरच्या दोन पायऱ्यांवर सरळ आज्ञार्थ ठेवावा. ‘हवे तर करू शकता’ हे चौथ्या पायरीसाठी राखून ठेवावे.

भाषांतर बरोबर झाले, हे ओळखायचे कसे?

सध्याची प्रचलित पद्धत म्हणजे मराठी मजकूर दुसऱ्याकडून पुन्हा इंग्रजीत करून मुळाशी ताडून पाहणे. या दोषापुरती ती निरुपयोगी आहे. ‘तात्काळ’चे परत ‘इमिजिएटली’ होते, ‘तातडीने’चे ‘अर्जंटली’. कागदावर सगळे जुळते. दोन वाक्यांतला फरक मराठी वाचकाला कळतो का, हे तपासलेच जात नाही, कारण परत भाषांतर करणारा एका वेळी एकच वाक्य पाहतो.

त्याऐवजी चिठ्ठ्यांची परीक्षा घ्यावी. चारही संदेश रंग न देता चार चिठ्ठ्यांवर लिहायचे, पिसायचे आणि ज्यांनी ॲप कधी पाहिलेले नाही अशा आठ-दहा माणसांना द्यायचे. त्यात एखादी आशा कार्यकर्ती, एखादा रिक्षावाला, दहावी झालेली मुलगी, कुणी आजी असावी. आजींना चिठ्ठी वाचून दाखवावी. दोन प्रश्न विचारायचे : यातले सगळ्यांत घाईचे कोणते, क्रम लावा. आणि प्रत्येक चिठ्ठी हातात आली तर तुम्ही केव्हा निघाल, कुठे जाल?

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. क्रम बरोबर लावूनही ‘उद्या बाजाराला जाईन तेव्हा दाखवीन’ असे उत्तर दुसऱ्या पायरीवर आले, तर ते वाक्य नापास. दोन शेजारच्या चिठ्ठ्यांचा क्रम दोघा-तिघांनी उलटा लावला, तर त्या दोन पायऱ्या मराठीत एक झाल्या आहेत असे समजावे आणि त्या दोन्ही पुन्हा, शेजारी-शेजारी ठेवून लिहाव्यात. या परीक्षेला एक दुपार लागते.

सगळेच ‘आत्ताच’ करून टाकले तर सुरक्षित नाही का?

नाही. ॲप बनवणारे मुळातच सावध असतात. शंका आली की पातळी वर ढकलतात. त्यात भाषांतरही आक्रमक झाले, तर साध्या सर्दीलाही धावपळ होते. गाडीभाडे जाते, दिवस बुडतो, कॅज्युअल्टीत गर्दी वाढते. एकदा-दोनदा ‘काही नव्हते’ असे कळले, की तिसऱ्यांदा खरोखर ‘आत्ताच’ आले तरी घरातले म्हणतात, ते तसेच सांगते. ओरडणाऱ्या चार पायऱ्या आणि पुटपुटणाऱ्या चार पायऱ्या, दोन्हींचा परिणाम शेवटी एकच.

चांगल्या भाषांतरालाही मर्यादा आहे. ॲपने पातळीच चुकीची ठरवली, तर उत्तम मराठी ती चूक अधिक स्पष्टपणे पोहोचवेल, एवढेच. म्हणून माझे मत असे, की या चार-पाच वाक्यांना ॲपच्या उरलेल्या मजकुरात मिसळू नये. ती वेगळ्या कागदावर, घाईच्या क्रमाने, प्रत्येकीपुढे तास आणि ठिकाण लिहून भाषांतरकाराला द्यावीत. डॉक्टर आणि भाषांतरकाराने ती एकत्र बसून पक्की करावीत आणि नंतर कुणी ‘भाषा जरा प्रमाण करा’ म्हणून त्यांना हात लावणार असेल, तर आधी चिठ्ठ्यांची परीक्षा पुन्हा घ्यावी. उरलेल्या हजार वाक्यांत ‘तातडीने’ कितीही वेळा आले तरी चालेल.